व्हिडिओच्या आत लिहिलेला पत्ता

`+18.5195+073.8553/`

ही ओळ म्हणजे शनिवारवाड्याचा पत्ता आहे. पहिला आकडा अक्षांशाचा, दुसरा रेखांशाचा, आणि शेवटची तिरकी रेघ म्हणजे ओळ संपल्याची खूण. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल आणि त्याला जीपीएस मिळत असेल, तर वाड्यासमोर उभं राहून काढलेल्या व्हिडिओत अशी एक ओळ आपोआप लिहिली जाते. ती चित्रात दिसत नाही की आवाजात ऐकू येत नाही. पण मूळ फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला ती मिनिटभरात वाचता येते. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यात एकाचा फरक पडला तर जमिनीवर जेमतेम अकरा मीटरचं अंतर पडतं. म्हणजे कळतं ते नुसतं गाव किंवा गल्ली नाही, बहुतेक वेळा घरच कळतं.

जिओटॅग हा शब्द आता गावोगावी माहीत आहे. घरकुलाचा हप्ता मिळायचा तर बांधकामाचे जिओटॅग केलेले फोटो लागतात, ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो घ्यावा लागतो. तिथे जागा नोंदली जाते हे आपल्याला माहीत असतं आणि तशी ती नोंदली जावी हाच हेतू असतो. साध्या व्हिडिओतही तीच नोंद होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. एरवी त्याने बिघडत नाही. दिवाळीचा व्हिडिओ घरच्या मंडळींना पाठवताना त्यात घराचा पत्ता असला तर काय झालं? प्रश्न उभा राहतो तो व्हिडिओ जगासमोर जाणार असतो आणि काढणाऱ्याने समोर यायचं नसतं तेव्हा.

समजा, नदीकाठच्या एका गावात रात्री वाळूउपसा चालू आहे. पात्रात जेसीबी उतरलाय, काठावर हायवा रांगेत उभे आहेत. एक शेतकरी आपल्या गच्चीवरून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढतो. चित्रात तो नाही, त्याचं घर नाही, आवाज फक्त इंजिनांचा. तो व्हिडिओ तालुक्याच्या बातमीदाराला पाठवायला घेतो, तर बातमीदार सांगतो, "दादा, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, चित्र फुटतं. डॉक्युमेंट करून पाठवा." शेतकरी तसं करतो. बातमीदार बातमीसोबत मूळ फाइल ड्राइव्हवर चढवतो आणि लिंक सगळ्या ग्रुपवर टाकतो. आता ती फाइल ज्यांचे हायवा आहेत त्यांच्याही फोनवर उतरणार. चेहरा झाकला, नाव झाकलं, पण गच्ची फाइलमध्ये लिहिलेलीच राहिली.

यात बातमीदाराने वाईट हेतूने काहीच केलं नाही. घात झाला तो 'डॉक्युमेंट' या एका पर्यायाने. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं, म्हणजे नव्याने तयार करतं, आणि या नव्या फाइलमध्ये जुनी लोकेशनची नोंद येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दर्जा टिकतो आणि नोंदीही टिकतात. ईमेलला जोडलेली फाइल, ड्राइव्हची लिंक, टेलिग्रामवर 'फाइल' म्हणून पाठवलेला व्हिडिओ, पेनड्राइव्ह या सगळ्यांचं असंच आहे. फाइल झिप केली, तिचं नाव बदललं, एवढ्याने आतलं काही पुसलं जात नाही. फोनच्या गॅलरीत पुढचे-मागचे दहा सेकंद कापून टाकले, तरी उरलेल्या तुकड्यात पत्ता सहसा तसाच राहतो.

मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांवर टाकलेला व्हिडिओ बघणाऱ्यांपर्यंत पोहोचतो तो नव्याने तयार केलेल्या रूपात, त्यामुळे तिथे ही नोंद प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. संकेतस्थळाच्या हाती मात्र मूळ फाइल असते. आणि प्रत्येक संकेतस्थळ ही काळजी घेतंच असं नाही. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत हे सगळ्या जगाने पाहिलं. ६ जानेवारीला वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलवर जमाव चालून गेला. त्यातल्या अनेकांनी आपले व्हिडिओ पार्लर नावाच्या समाजमाध्यमावर टाकले होते. काही दिवसांत अ‍ॅमेझॉनने पार्लरला सर्व्हर देणं थांबवलं. पण ते बंद पडण्याआधी एका संगणक-संशोधक स्त्रीने आणि तिच्यासोबतच्या मंडळींनी तिथला जवळपास सगळा सार्वजनिक मजकूर उतरवून घेतला. त्यात दहा लाखांहून अधिक व्हिडिओ होते आणि पार्लरने त्यांतली लोकेशनची नोंद पुसलेलीच नव्हती. गिझमोडो या वृत्तस्थळाने सुमारे ७०,००० नोंदी नकाशावर मांडल्या. कोणता व्हिडिओ कॅपिटॉलच्या आवारात काढला हे त्यातून दिसलं. ज्यांनी गुन्हा केला त्यांचा माग लागला याचं दुःख कुणाला नाही. पण त्याच साठ्यात आपल्या अंगणात, आपल्या स्वयंपाकघरात काढलेले व्हिडिओही होते, आणि त्यांचे पत्तेही तितकेच उघडे पडले.

ही नोंद असते कुठे, हे एकदा समजलं की ती पुसण्याच्या पायऱ्या सोप्या वाटतात. फोनचा व्हिडिओ साधारणपणे एमपीफोर किंवा एमओव्ही या प्रकारच्या फाइलमध्ये साठतो. दोन्हींची रचना मूळ अ‍ॅपलच्या क्विकटाइमवरून आलेली आहे. ही फाइल म्हणजे एकात एक ठेवलेले डबे. `mdat` नावाच्या सर्वांत मोठ्या डब्यात चित्र आणि आवाज भरलेले असतात. `moov` नावाच्या दुसऱ्या डब्यात ते कसे वाचायचे याची यादी असते: लांबी किती, कोणता तुकडा कुठे सुरू होतो, चित्र उभं की आडवं. याच `moov` च्या पोटात आणखी छोटे डबे असतात आणि पत्ता त्यांत असतो. अँड्रॉइड फोन तो सहसा `udta` नावाच्या डब्यात लिहितात. आयफोन `com.apple.quicktime.location.ISO6709` या नावाखाली लिहितो, आणि त्यात समुद्रसपाटीपासूनची उंचीही जोडतो. शेजारीच फोन बनवणाऱ्या कंपनीचं नाव, फोनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती या नोंदी असतात.

मॉडेलची नोंद बिनमहत्त्वाची वाटते, पण लहान गावात ती पत्त्याइतकीच बोलकी ठरते. विशिष्ट मॉडेलचा आयफोन वापरणारे त्या वाडीत कितीजण असतील? त्यात व्हिडिओ काढल्याची सेकंदापर्यंतची वेळ मिळाली की 'त्या रात्री पावणेबाराला जागा कोण होता' एवढंच शोधायचं उरतं.

साफ करायच्या आधी आत काय आहे ते पाहावं. गॅलरीत व्हिडिओ उघडून वर सरकवला किंवा `i` चं चिन्ह दाबलं की नकाशा दिसतो, पण गॅलरी सगळं दाखवत नाही. संगणकावर एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे, ते बरंच खोलवर जाऊन वाचतं. आपल्या शेतकऱ्याच्या फाइलचं नाव `IMG_2041.MOV` आहे असं धरू. कमांड अशी:

```
exiftool -ee -a -G1 -s IMG_2041.MOV
```

यातलं `-ee` महत्त्वाचं आहे. व्हिडिओच्या लांबीभर पसरलेल्या नोंदीही वाच, असं ते सांगतं. उत्तरादाखल लांबलचक यादी येते. आपल्या कामाच्या ओळी साधारण अशा दिसतात (इथे कुणाच्या घराऐवजी शनिवारवाड्याचेच आकडे घातले आहेत):

```
[Keys] Make           : Apple
[Keys] Model          : iPhone 13
[Keys] Software       : 17.4.1
[Keys] CreationDate   : 2024:05:12 23:41:07+05:30
[Keys] GPSCoordinates : 18 deg 31' 10.20" N, 73 deg 51' 19.08" E, 562.4 m Above Sea Level
```

याच यादीत वर `CreateDate` नावाची आणखी एक तारीख सापडते आणि तिथे वेळ १८:११:०७ दिसते. ही चूक नाही. फाइलच्या मुख्य घड्याळात वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. म्हणजे वेळ दोन ठिकाणी आहे आणि एक पुसून दुसरी राहिली तर काम अर्धंच झालं.

साफ करण्यासाठी सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे एफएफएमपेग. तेही मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यामागचा विचार असा की जुन्या फाइलमधलं नको ते एकेक शोधून खोडत बसायचं नाही. फक्त चित्र आणि आवाज उचलायचे आणि नव्या फाइलमध्ये ठेवायचे. बाकी सगळं मागेच राहतं.

```
ffmpeg -i IMG_2041.MOV -map 0:v:0 -map 0:a:0 -map_metadata -1 -map_metadata:s -1 -map_chapters -1 -c copy -fflags +bitexact saaf.mp4
```

`-map 0:v:0` म्हणजे पहिलं चित्र घे, `-map 0:a:0` म्हणजे पहिला आवाज घे. या दोघांशिवाय फाइलमध्ये आणखी काही चालू असेल, तर ते या दोन सूचनांमुळेच गळून पडतं. `-map_metadata -1` फाइलच्या पातळीवरच्या नोंदी सोडून देतं, पुढचा `:s` असलेला भाग चित्र आणि आवाज यांना वेगवेगळ्या चिकटलेल्या नोंदी सोडतो. `-c copy` म्हणजे चित्राला हात न लावता उचलून ठेव. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपसारखं चित्र फुटत नाही, दर्जा तोच राहतो आणि दोन मिनिटांच्या व्हिडिओला काही सेकंदच लागतात. `-fflags +bitexact` नसेल तर एफएफएमपेग फाइलमध्ये स्वतःचं नाव लिहून ठेवतं. त्यात धोका नाही, पण नको असेल तर हे घालावं. व्हिडिओला आवाजच नसेल तर कमांड चुकीचा संदेश देऊन थांबते. अशा वेळी `-map 0:a:0` एवढा तुकडा काढून टाकावा.

यानंतरची पायरी लोक हमखास गाळतात, आणि तीच मी कधीही गाळू देणार नाही. नवी फाइल पुन्हा एक्झिफटूलने वाचायची:

```
exiftool -ee -a -G1 -s saaf.mp4
```

आता `Make`, `Model`, `GPSCoordinates` यांच्या ओळी दिसायला नकोत. लांबी, रुंदी, फ्रेमचा वेग, आवाजाचा प्रकार या नोंदी राहतील. त्यांच्याशिवाय व्हिडिओ चालणारच नाही. `CreateDate` समोर नुसती शून्यं दिसतील. काही कार्यक्रम तिथे १ जानेवारी १९०४ अशी तारीख दाखवतात आणि ती पाहून माणूस गोंधळतो. या प्रकारच्या फाइलचं घड्याळ १९०४ च्या पहिल्या दिवसापासून सेकंद मोजतं, म्हणून शून्य म्हणजे ती तारीख. ती दिसली तर वेळ नीट पुसली गेली असं समजावं. मग फाइल एकदा चालवून पाहावी: चित्र सरळ उभं आहे ना, आवाज ओठांशी जुळतो ना. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्तीने साफ केलेला उभा व्हिडिओ कधी कधी आडवा पडतो. तसं झालं तर नवी आवृत्ती घेऊन मूळ फाइलवर पुन्हा तीच कमांड चालवावी.

फाइलचं नावही बघायचं. अनेक फोन `VID_20240512_234107.mp4` असं नाव देतात, त्यात तारीख आणि वेळ दोन्ही असतात. आत सगळं पुसून बाहेर हे तसंच ठेवलं तर केलेली मेहनत वाया जाते.

संगणक हाताशी नसेल तेव्हा फोनवर काय करता येतं? आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये शेअर दाबल्यावर वरच्या बाजूला `Options` दिसतं. त्यातलं `Location` बंद केलं की पाठवलेल्या प्रतीतून जागा जाते. मॉडेल मात्र जात नाही. अँड्रॉइडवर गॅलरीप्रमाणे पर्याय बदलतात, म्हणून तिथे एक साधा मार्ग सांगतो: व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच, डॉक्युमेंट न करता, नेहमीसारखा पाठवावा, आणि तिथून उतरलेली दबलेली प्रत पुढे द्यावी. चित्र थोडं फुटेल. वाळूच्या बातमीत गाडीचा नंबर वाचता येणं महत्त्वाचं असेल तर हा मार्ग महागात पडतो, तिथे संगणकच गाठावा. आणि मुळातच लोकेशन लिहिलं जाऊ नये असं वाटत असेल तर कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी काढून घ्यावी. आयफोनवर ती `Settings` मधल्या `Location Services` खाली `Camera` मध्ये मिळते, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये. त्याने पुढचे व्हिडिओ सुटतात, आधी काढलेले नाही.

अ‍ॅक्शन कॅमेरा आणि ड्रोन यांची गोष्ट फोनपेक्षा अवघड आहे. फोन व्हिडिओला एक पत्ता चिकटवतो. जीपीएस असलेला गोप्रो पत्त्यांची अख्खी धार वाहती ठेवतो. चित्र आणि आवाज यांच्या बरोबरीने त्याच्या फाइलमध्ये एक तिसरा प्रवाह असतो आणि त्यात सेकंदाला दहा-अठरा वेळा जागा आणि वेग लिहिले जातात, शिवाय हेलकावेही नोंदले जातात. घरातून निघून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत बाइकवरून चित्रीकरण केलं असेल, तर तो सगळा रस्ता, घराच्या फाटकापासून, त्यात आखलेला असतो. कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही असतो. ही फाइल नुसत्या `exiftool -all=` या कमांडने साफ करायला गेलं तर वरवरच्या नोंदी जातात आणि तो प्रवाह मागे राहतो. पुन्हा तपासताना `-ee` विसरलं तर तो दिसतही नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. वरच्या कमांडमध्ये फक्त चित्र आणि आवाज निवडून घेतले आहेत ते एवढ्यासाठीच. काही ड्रोन हीच माहिती उपशीर्षकांच्या रूपात लिहितात, कधी व्हिडिओच्या आत, कधी शेजारी `.SRT` या वेगळ्या फाइलमध्ये. जुन्या काही मॉडेलमध्ये त्यात ड्रोन जिथून उडवला ती जागाही असते, म्हणजे उडवणारा जिथे उभा होता ती जागा. फोल्डर उचलून जसाच्या तसा ड्राइव्हवर टाकला की ही फाइल सोबत जाते.

एव्हीसीएचडी प्रकारातले जुने हँडीकॅम याहून पुढे जातात. ते तारीख, आणि सोय असेल तिथे जागाही, थेट चित्राच्या प्रवाहातच मिसळतात. तिथे `-c copy` उपयोगी पडत नाही, कारण उचललेल्या चित्रासोबत ती नोंद पण उचलली जाते. अशा व्हिडिओचं चित्र पुन्हा एन्कोड करावं लागतं. त्यासाठी कमांडमधल्या `-c copy` च्या जागी `-c:v libx264 -crf 18 -c:a aac` लिहावं. वेळ जास्त लागतो आणि दर्जात डोळ्यांना सहसा न जाणवणारी घट होते.

फाइलमधल्या नोंदी पुसून चित्रातलं काही पुसलं जात नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. ठेकेदार आणि सरकारी कर्मचारी सर्रास वापरतात ती जीपीएस कॅमेऱ्याची अ‍ॅप पत्ता, अक्षांश-रेखांश आणि छोटा नकाशा थेट चित्रावर छापतात. तो भाग कापावा किंवा झाकून चित्र पुन्हा एन्कोड करावं लागतं. शेतकऱ्याच्या व्हिडिओत पाण्याची टाकी, मंदिराचा कळस, मोबाइलचा टॉवर दिसत असतील तर त्यांच्या कोनांवरून गच्ची शोधणारा माणूस गावातच बसलेला असतो. आणि उपकरणाची एक खूण अशी आहे जी कोणत्याच कमांडने जात नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये ठिपक्याठिपक्याला किंचित कमी-जास्त प्रतिसाद असतो आणि त्याचा ठसा चित्रात उमटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या जेसिका फ्रिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की या ठशावरून चित्र कोणत्या कॅमेऱ्यातून आलं ते ओळखता येतं. त्यासाठी तपासणाऱ्याच्या हाती तो फोन, निदान त्याच फोनमधले इतर फोटो तरी असावे लागतात. वाळूवाल्यांकडून एवढी अपेक्षा नाही. पण तोच फोन वापरून स्वतःच्या नावाने शेकडो फोटो जाहीरपणे टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

राहिली मूळ फाइल. साफ प्रत तयार झाली की अनेकजण घाबरून मूळ पुसून टाकतात, आणि नेमकं तेच करू नये. तक्रार उद्या न्यायालयात गेली तर लोकेशन, वेळ, मॉडेल याच नोंदी व्हिडिओ खरा असल्याच्या बाजूने बोलतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणित करून काढलेली आकड्या-अक्षरांची ठरावीक लांबीची ओळ. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते, म्हणून साफ केलेल्या प्रतीचा हॅश मुळाशी कधीच जुळणार नाही. विंडोजवर मूळ फाइलचा हॅश असा काढतात:

```
certutil -hashfile IMG_2041.MOV SHA256
```

येणारी चौसष्ट अक्षरं तारखेसह कागदावर उतरवून घ्यावी. मूळ फाइल नाव न बदलता, गॅलरीत काटछाट न करता पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर घ्यावी, आणि ते गावाबाहेर विश्वासातल्या माणसाकडे किंवा वकिलाकडे ठेवायला द्यावं. पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा हॅश पुन्हा काढून कागदाशी जुळवावा. बातमीदाराला द्यायची ती `saaf.mp4`, तहसीलदारांकडच्या जाहीर तक्रारीला जोडायची तीही तीच. मूळ फाइल न्यायालयाने किंवा तपास अधिकाऱ्याने लेखी मागितली तरच, पोच घेऊन द्यायची.